चेहरा बदलायचा, पण पुन्हा बदलता येईल असा

लग्नातल्या कुटुंबाच्या ग्रुप फोटोत चौदा माणसं उभी असतील, तर सगळ्यांचे डोळे उघडे आणि सगळ्यांचे चेहरे समोर अशी एकच फ्रेम सहसा मिळत नाही. म्हणून फोटोग्राफर एकामागून एक चार-पाच फ्रेम काढतो आणि नंतर एका फ्रेममधला चेहरा दुसरीत बसवतो. हे काम बहुतेक स्टुडिओंमध्ये रोज चालतं. अडचण पुढे येते. अल्बमचं डिझाइन पाहताना घरचे म्हणतात, ‘आजींचा हा नको, त्या दुसऱ्या फोटोतला हसरा चेहरा लावा.’ फाइल उघडून पाहावी तर सगळं एका लेयरमध्ये मिसळलेलं असतं, आणि काम पहिल्यापासून करावं लागतं.

हे टाळायचं तर फोटोशॉपमध्ये सुरुवातीपासूनच फाइल अशी बांधावी लागते, की चेहरा, त्याची जागा, त्याची कडा आणि त्याचा रंग या चारही गोष्टी एकमेकींपासून सुट्या राहतील. एक बदलली तरी बाकीच्या तीन शाबूत राहायला हव्यात. स्मार्ट ऑब्जेक्ट, मास्क आणि अ‍ॅडजस्टमेंट लेयर ही साधनं बहुतेकांना माहीत असतात. त्यांचा क्रम आणि जागा मात्र अनेकदा चुकते, म्हणून एक फोटो सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून पाहू.

समजा ट्रायपॉडवर, एकाच लेन्सने काढलेल्या चार रॉ फ्रेम आहेत. तिसऱ्या फ्रेममध्ये नवरा-नवरी आणि बहुतेक पाहुणे उत्तम आलेत. फक्त आजींचे डोळे मिटलेत आणि काका बाजूला पाहताहेत. आजी पहिल्या फ्रेममध्ये छान आहेत, काका चौथीत. तिसरी फ्रेम पाया धरायची. पाया निवडताना घाई करू नये. ज्या फ्रेममध्ये कमीत कमी चेहरे बदलावे लागतील तीच घ्यावी, आणि नवरा-नवरीचे चेहरे बदलावे लागणार नाहीत हे आधी पाहावं. मुंडावळ्यांच्या सरी गालांवर लोंबत असतात आणि प्रत्येक फ्रेममध्ये थोड्या हललेल्या असतात. जोड त्यांच्यावरून गेला की मण्यांची ओळ मध्येच तुटते. नवरीचा चेहरा बदलण्यावाचून इलाज नसेल, तर मुंडावळ्या जिथे बांधल्या आहेत तिथपासून त्यांच्या टोकापर्यंत सगळं नव्या फ्रेममधून घ्यावं लागतं.

आता फाइल बांधायची. पहिली, तिसरी आणि चौथी या तिन्ही रॉ फ्रेम एकत्र निवडून कॅमेरा रॉमध्ये उघडा आणि व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर वगैरे सेटिंग तिन्हींना सारखी करा. मग पायाची फ्रेम उघडताना Shift दाबून ठेवा. Open हे बटण Open Object होतं आणि फोटो थेट स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून उघडतो. पहिली आणि चौथी फ्रेम File > Place Embedded मधून याच फाइलमध्ये आणा. तिन्हींची पिक्सेल-मापं एकच असल्याने त्या एकमेकींवर चपखल बसतात. जेपीईजीवर काम करत असाल तर लेयरवर राइट-क्लिक करून Convert to Smart Object द्या. पुढचं सगळं तसंच आहे.

इथे एक मोह टाळावा लागतो. बरेच जण आजींच्या डोक्याभोवती लॅसो फिरवतात आणि तेवढाच तुकडा कापून आणतात. तुकडा लहान असतो, फाइल हलकी राहते. पण नंतर पदराची कड थोडी जास्त हवी झाली, किंवा मानेचा भाग खालपर्यंत घ्यावा लागला, तर तो तुकड्यात नसतोच. पूर्ण फ्रेम आणावी. कापण्याचं काम मास्कचं आहे. फाइल जड होते हे खरं, आणि पीएसडीची मर्यादा २ जीबी आहे. ती ओलांडायची वेळ आली तर पीएसबी म्हणून जतन करता येतं.

एकाच फ्रेममधून दोन माणसांचे चेहरे घ्यायचे असतील तर प्रत बनवण्याचे दोन मार्ग आहेत, आणि त्यांतला फरक नीट समजून घ्यायला हवा. Ctrl+J ने केलेली प्रत मूळ स्मार्ट ऑब्जेक्टशी जोडलेली राहते. दोघांच्या आत एकच फोटो असतो, त्यामुळे फाइल फारशी फुगत नाही. पण एकीच्या आतला फोटो बदलला की दुसरीतलाही बदलतो. राइट-क्लिक करून New Smart Object via Copy दिलं तर प्रत पूर्ण स्वतंत्र होते आणि फाइलही तेवढी वाढते. ज्या चेहऱ्याबद्दल घरचे पुन्हा बोलतील अशी थोडीही शंका असेल, त्याला स्वतंत्र प्रतच द्यावी. Ctrl+J चा आळस इथे महागात पडतो: आजींचा फोटो बदलायला जावं आणि पलीकडच्या आत्यांचाही चेहरा नकळत बदलावा, असं होतं. शिवाय हे छपाईपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही.

पुढचा निर्णय मास्क कुठे लावायचा हा आहे. सवयीने आपण तो स्मार्ट ऑब्जेक्टलाच लावतो. मी तो ग्रुपला लावतो, आणि तुम्हीही लावावा असं माझं मत आहे. आजींच्या स्मार्ट ऑब्जेक्टवर Ctrl+G देऊन त्याचा ग्रुप करा, ग्रुपला ‘आजी – फ्रेम १’ असं नाव द्या, ग्रुपचा ब्लेंड मोड Pass Through वरून Normal करा आणि मास्क त्या ग्रुपला जोडा. मग आतला चेहरा कितीही सरकवा, कडा जागची हलत नाही. रंगाचे जे अ‍ॅडजस्टमेंट लेयर या ग्रुपच्या आत ठेवाल, ते आपोआप याच कडेत राहतात आणि Normal मोडमुळे खालच्या पायावर त्यांचा परिणाम होत नाही. काकांसाठी असाच दुसरा ग्रुप. महिन्यानंतर फाइल उघडली तरी लेयरच्या यादीवर नजर टाकताच कुणाचा चेहरा कुठून आला ते कळतं.

मास्क रंगवण्याआधी चेहरा जागेवर बसवायचा. इथे एक अडचण येते: Auto-Align Layers आणि Auto-Blend Layers या दोन्ही आज्ञा स्मार्ट ऑब्जेक्टवर चालत नाहीत. चेहरा बदलण्याच्या कित्येक व्हिडिओंमध्ये याच दोन आज्ञा वापरलेल्या दिसतात, म्हणून लोक स्मार्ट ऑब्जेक्ट सोडून देतात. ट्रायपॉडवरच्या फ्रेमना त्यांची गरजच नसते. फ्रेम हातात धरून काढल्या असतील तर File > Scripts > Load Files into Stack मध्ये आपोआप जुळवण्याच्या पर्यायावर खूण करून त्या आणाव्यात आणि जुळून आल्यावर प्रत्येक लेयर वेगवेगळा स्मार्ट ऑब्जेक्ट करावा. त्याच खिडकीत सगळ्यांचा मिळून एक स्मार्ट ऑब्जेक्ट करण्याचाही पर्याय असतो, तो रिकामा ठेवावा. या मार्गात रॉची सेटिंग मागाहून बदलण्याची सोय जाते. Auto-Blend मात्र पूर्ण सोडून द्यावं. ते कडा आणि रंग दोन्ही पिक्सेलमध्येच मिसळून टाकतं, आणि आपल्याला नेमक्या त्याच दोन गोष्टी सुट्या हव्यात.

आजींचा ग्रुप ५० टक्के ओपॅसिटीवर आणा आणि आतल्या स्मार्ट ऑब्जेक्टवर Ctrl+T द्या. नजर पहिल्यांदा डोळ्यांवर जाते, आणि जुन्या डोळ्यांवर नवे डोळे बसवावेसे वाटतात. तसं करू नका. दोन फ्रेमच्या मधल्या वेळात आजींनी मान थोडी वळवलेली असते, त्यामुळे डोळे जुळले की मान खांद्यावरून सरकलेली दिसते. आधी मानेचा खालचा भाग जुळवा: गळ्याची खोबण, मंगळसूत्राची रेघ, ब्लाउजची कड. फिरवण्याचा केंद्रबिंदू मानेच्या मुळाशी न्या आणि मग दोन-तीन अंश फिरवायचं असेल तर फिरवा. माणूस तेच आणि कॅमेऱ्यापासूनचं अंतरही तेच, म्हणून आकार १०० टक्क्यांच्या अगदी जवळ राहायला हवा. १०५ च्या वर जावंसं वाटलं तर समजावं की जुळवणी दुसरीकडे कुठेतरी चुकली आहे.

स्मार्ट ऑब्जेक्टचा खरा फायदा या टप्प्यावर दिसतो. साध्या लेयरला फिरवलं की पिक्सेल नव्याने मोजले जातात. पाच वेळा थोडं थोडं फिरवलं तर पाच वेळा मोजले जातात आणि चेहरा दर वेळी किंचित मऊ होतो. आजूबाजूच्या चेहऱ्यांवर सुरकुत्या स्पष्ट आणि आजींच्याच नाहीत, असा फोटो छापून आला की तो ओळखू येतो. स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये प्रत्येक वेळी मोजणी मूळ फोटोवरूनच होते. दुसऱ्या दिवशी Ctrl+T दिलं तरी वरच्या पट्टीत कालची रुंदी, उंची आणि कोन दिसतो. तिथे १०० टक्के आणि ० अंश लिहिलं की जिथून निघालात तिथे परत.

आता कडा. ग्रुपची ओपॅसिटी पुन्हा १०० टक्के करा, त्याचा मास्क पूर्ण काळा करा आणि पांढऱ्या ब्रशने डोकं उघडत जा. जोड चेहऱ्याच्या गोलाईवरून नेऊ नये. कपाळ आणि गाल हे सलग त्वचेचे भाग आहेत, तिथे रंगाचा थोडा फरकही उठून दिसतो. जोड जिथे मुळातच एखादी रेघ किंवा सावली आहे तिथे न्यावा. आजींनी डोक्यावर पदर घेतला असेल तर पदराची कड आयतीच मिळते. खाली हनुवटीखालची सावली. पदर नसेल तर केसांच्या मागची पार्श्वभूमी. कान नेहमी चेहऱ्याबरोबर घ्यावेत, नाहीतर एक कान एका फ्रेमचा आणि गाल दुसऱ्या फ्रेमचा होतो आणि कुडी दोनदा दिसते. चष्मा असेल तर काड्यांसह पूर्ण घ्यावा.

ब्रशचा मऊपणा सगळीकडे एकसारखा ठेवू नका. त्वचेवरून त्वचेवर जाताना हार्डनेस शून्याजवळ, पदराच्या कडेशी ५० ते ६० टक्के. फोटोत ती कड जितकी धारदार आहे तितकीच मास्कचीही हवी. म्हणूनच Properties पॅनलमधली मास्कची Feather पट्टी मी इथे वापरत नाही. ती नंतर बदलता येते हे चांगलं, पण ती सगळी कडा एकाच मापाने मऊ करते आणि पदराभोवती धुरकट वलय उमटतं. मास्क तपासायला Alt दाबून मास्कच्या चित्रावर क्लिक करा. फक्त काळं-पांढरं दिसेल आणि राहून गेलेले करडे ठिपके लगेच सापडतील. Shift दाबून क्लिक केलं तर मास्क तात्पुरता बंद होतो आणि आत किती फोटो शिल्लक आहे ते दिसतं.

आता रंग. एकाच स्टेजवर, मिनिटाभरात काढलेल्या फ्रेममध्ये रंग का बदलावा? कारण बहुधा फ्लॅश असतो. पहिल्या फ्रेमला तो पूर्ण ताकदीने पडतो. लागोपाठच्या तिसऱ्या फ्रेमपर्यंत तो पुरता भरलेला नसतो, मग स्टेजच्या पिवळ्या दिव्यांचा वाटा वाढतो. त्यामुळे पहिल्या फ्रेममधला चेहरा थोडा उजळ आणि थोडा निळसर, तर तिसरीतला मंद आणि पिवळसर येतो. नजरेने Brightness किंवा Color Balance च्या पट्ट्या सरकवत बसलात तर अर्धा तास जातो आणि खात्री होत नाही. आकडे वाचावेत.

माणूस तेच असल्याने एक सोपी युक्ती हाताशी आहे. Color Sampler टूल घ्या, नमुन्याचं माप 11 by 11 Average ठेवा आणि आजींच्या कपाळावर कुंकवाच्या बाजूला, उजेड पडलेल्या जागी क्लिक करा. दुसरा नमुना जबड्याखालच्या सावलीत. आता ग्रुपचा डोळा बंद करून Info पॅनलमधले आकडे लिहून घ्या. हे पायाच्या फ्रेमचे. डोळा उघडून पुन्हा लिहा. हे नव्या चेहऱ्याचे. समजा पायाच्या फ्रेममध्ये कपाळ लाल २०१, हिरवा १५८, निळा १३१ आहे आणि सावली ११८, ८२, ६६. नव्या चेहऱ्यात कपाळ २१२, १७२, १५० आणि सावली ११७, ८४, ७२. उजेडाच्या जागी फरक मोठा आहे आणि निळ्यात सर्वांत जास्त. सावलीत फरक नगण्य. फ्लॅश जिथे पडला तिथेच बदल झाला, हे आकडेच सांगतात.

ग्रुपच्या आत, स्मार्ट ऑब्जेक्टच्या वर Curves अ‍ॅडजस्टमेंट लेयर घाला. लाल चॅनल निवडून रेषेवर एक बिंदू ठेवा आणि Input २१२, Output २०१ लिहा. दुसरा बिंदू Input ११७, Output ११८. हिरव्यात १७२ ला १५८ आणि ८४ ला ८२. निळ्यात १५० ला १३१ आणि ७२ ला ६६. एवढ्यावर कपाळ आणि सावली दोन्ही पायाशी जुळतात. एकच बिंदू दिला असता तर उजेडाबरोबर सावलीही खाली ओढली गेली असती आणि आजींच्या हनुवटीखाली काळसर डाग दिसला असता. एका चॅनलला तीनपेक्षा जास्त बिंदू देऊ नयेत, नाहीतर वक्र नागमोडी होतो आणि गालांवर रंगाचे पट्टे उमटतात.

ही युक्ती चालते ती उजेडाची दिशा दोन्ही फ्रेममध्ये सारखी असेल तर. आजींनी मान बरीच वळवली असेल तर कपाळाच्या त्याच जागी आता सावली असू शकते, मग आकड्यांची तुलना निरर्थक ठरते. अशा वेळी नव्या चेहऱ्याची मान आणि पायातला मानेचाच शिल्लक भाग यांची तुलना करावी. गालाची एकच बाजू जास्त उजळ राहिली तर दुसरा Curves लेयर घालून त्याच्या स्वतःच्या मास्कवर तेवढीच बाजू रंगवावी. पहिल्यात ढवळाढवळ करू नये, त्याच्यात मोजलेले आकडे आहेत.

संपूर्ण फोटोचा रंग, म्हणजे अल्बमसाठी लागणारा उबदारपणा किंवा कॉन्ट्रास्ट, सगळ्या ग्रुपच्या वर, वेगळ्या अ‍ॅडजस्टमेंट लेयरमध्ये ठेवावा. तो पायाला आणि नव्या चेहऱ्यांना सारखाच लागतो. तो फक्त पायाच्या स्मार्ट ऑब्जेक्टच्या आत, कॅमेरा रॉमध्ये केला, तर आजी आणि काका जुन्याच रंगात राहतात आणि सगळी जुळवणी फुकट जाते. नमुन्यांचे आकडे वाचतानाही हे वरचे लेयर बंद ठेवा.

इतकं करून जोडावर कुठेतरी एखादी बट किंवा पदराची दुहेरी रेघ उरतेच. ती झाकायला क्लोन स्टॅम्प किंवा हीलिंग ब्रश लागतो. स्मार्ट ऑब्जेक्टवर तो चालवायला गेलात की फोटोशॉप विचारतं, आधी रास्टराइझ करू का? त्या प्रश्नाला होकार दिला की आतापर्यंतची सगळी सोय एका क्लिकमध्ये संपते. Cancel करा. ग्रुपच्या वर, पण फोटोभर लागणाऱ्या रंगाच्या लेयरच्या खाली, एक रिकामा लेयर घ्या, टूलच्या पट्टीत Sample मध्ये Current & Below निवडा आणि त्या रिकाम्या लेयरवर काम करा. तिथे All Layers निवडलं तर वरच्या रंगाच्या लेयरचा परिणामही नमुन्यात येतो आणि तो पुन्हा वरून लागतो, म्हणजे दुरुस्तीचा ठिपका दुप्पट पिवळा होतो. ठिपका कारण नसताना गडद किंवा रंगीत दिसला तर आधी हाच पर्याय तपासा.

हा दुरुस्तीचा लेयर मात्र खऱ्या अर्थाने बदलता येत नाही. तो त्या क्षणीच्या चेहऱ्याच्या पिक्सेलपासून बनलेला असतो, चेहरा सरकला की तो चुकीच्या जागी उरतो. म्हणून तो सर्वांत शेवटी करावा, शक्य तितका लहान ठेवावा आणि प्रत्येक माणसाचा वेगळा असावा, म्हणजे आजींचा टाकून देताना काकांच्या दुरुस्तीला हात लागत नाही.

आता सुरुवातीला सांगितलेली मागणी आली असं धरू. घरच्यांना आजींचा दुसऱ्या फ्रेममधला चेहरा हवा आहे. ‘आजी – फ्रेम १’ ग्रुप उघडून स्मार्ट ऑब्जेक्टवर राइट-क्लिक, Replace Contents, आणि दुसरी फ्रेम. कॅमेरा रॉ उघडला तर तीच सेटिंग द्या. नवा फोटो जुन्याच जागी, जुन्याच कोनात बसतो. मास्क आणि Curves जागच्या जागी असतात. Ctrl+T ने मान पुन्हा जुळवा. Curves लेयरचा डोळा बंद करून दोन्ही नमुन्यांचे आकडे पुन्हा वाचा, डोळा उघडा आणि Curves मध्ये फक्त Input बदला, कारण Output हा पायाचा आकडा आहे आणि पाया तोच आहे. मास्कमध्ये पदराजवळची कड थोडी दुरुस्त करा, आजींचा जुना दुरुस्तीचा लेयर काढून टाका, गरज असेल तर नवा करा. शेवटी ग्रुपचं नाव ‘आजी – फ्रेम २’ करा. जिथे तास-दीड तास गेला असता तिथे काम दहा-पंधरा मिनिटांवर येतं.

फाइल बंद करताना ती बिघडू नये म्हणूनही थोडी काळजी लागते. लॅबसाठी जेपीईजी काढताना Save a Copy वापरा, Flatten करून मूळ फाइल जतन करू नका. क्रॉप करताना Delete Cropped Pixels वरची खूण काढा. १६ बिटवरून ८ बिटवर जाताना लेयर एकत्र करायचे किंवा रास्टराइझ करायचे का असं विचारलं तर नकार द्या. स्मार्ट ऑब्जेक्टच्या आत जाऊन कॅनव्हासचं माप कधीही बदलू नका. बाहेर आल्यावर चेहरा भलतीकडे गेलेला असतो.

एक गोष्ट तंत्राच्या पलीकडची आहे, पण कामाचीच. वर सांगितलं ते एकाच माणसाचे, त्याच वेळचे दोन चेहरे जुळवण्याबद्दल आहे. एकाचा चेहरा दुसऱ्याच्या धडावर लावायचा, किंवा जो समारंभाला आलाच नाही त्याला उभं करायचं अशी मागणी आली, तर ज्याचा चेहरा आहे त्याची परवानगी असल्याशिवाय ते काम घेऊ नये. आणि जे केलं ते घरच्यांना दाखवता आलं पाहिजे. ग्रुपचा डोळा बंद केला की पायाची फ्रेम जशी होती तशी समोर येते.

या पद्धतीनेही एक बदल स्वस्त होत नाही, तो म्हणजे पायाच बदलणं. घरच्यांनी ‘मुख्य फोटो तिसरा नको, दुसरा घ्या’ असं म्हटलं, तर प्रत्येक मान, प्रत्येक कड आणि Curves मधला प्रत्येक Output पुन्हा पाहावा लागतो. म्हणून चेहऱ्यांना हात लावण्याआधी पायाची एकच फ्रेम, काहीही न बदलता, घरच्यांना पाठवा आणि सगळ्यांचे कपडे, उभं राहण्याची जागा, हात, मागची सजावट हे तुम्हाला मान्य आहे ना, एवढंच विचारा. चेहऱ्यांचं नंतर पाहू असं त्यांना सांगून ठेवा आणि त्यांचा होकार आल्यावरच पहिला ग्रुप करा.